टायटल बारचा रंग बदला, पण अक्षर वाचता आलं पाहिजे

मागच्या सहामाही परीक्षेच्या वेळची गोष्ट आहे. जामखेडमधल्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर आम्ही नववीच्या दोन तुकड्यांचे गुण भरत होतो. लिबरऑफिसच्या दोन फाइली उघड्या होत्या. एकीचं नाव ‘नववी अ सहामाही’ आणि दुसरीचं ‘नववी ब सहामाही’. रात्रीचे अकरा वाजले होते. ‘ब’ तुकडीच्या अकरा मुलांचे गुण भरून झाले आणि मग लक्षात आलं, की ते सगळे ‘अ’ च्या फाइलमध्ये गेले आहेत. फाइल सेव्हसुद्धा केलेली होती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुन्हा सोडून दोन्ही याद्या पहिल्यापासून तपासाव्या लागल्या. ज्या मुलाला बासष्ट गुण मिळाले होते, त्याच्या नावापुढे दुसऱ्याचे एकतीस लागले असते, तर घरी त्याला काय ऐकावं लागलं असतं, हे पालकांना वेगळं सांगायला नको.

चूक आमचीच होती. पण ती का झाली, हे शोधताना नजर गेली खिडकीच्या वरच्या पट्टीवर. तिला टायटल बार म्हणतात आणि फाइलचं नाव तिथंच लिहिलेलं असतं. दोन दिवसांपूर्वी आमच्या भाचीनं हौसेनं कॉम्प्युटरला चमकदार नारिंगी रंग दिला होता. “मामू, बघा किती छान दिसतंय!” छान दिसत होतंच. पण त्या नारिंगीवर पांढऱ्या अक्षरातलं ‘अ’ आणि ‘ब’ थकलेल्या डोळ्यांना वेगळं दिसत नव्हतं.

त्यानंतर आम्ही हा विषय नीट समजून घेतला. रंग लावू नका, असं आमचं म्हणणं नाही. उलट टायटल बारला रंग असावाच. फक्त तो कसा निवडायचा, एवढं कळलं पाहिजे.

पट्टीला रंग कशासाठी?

एका वेळी दोन-तीन खिडक्या उघड्या असतात, पण आपण टाइप केलेलं जातं त्यातल्या एकाच खिडकीत. तिला चालू खिडकी म्हणू. विंडोजमध्ये पट्टीचा रंग बंद असेल, तर चालू आणि मागच्या खिडकीतला फरक फार बारीक असतो. चालू खिडकीच्या नावाची अक्षरं काळी असतात आणि मागचीची राखाडी, इतकंच. पट्टी दोन्हींची पांढरटच असते.

रंग चालू केला, की तो फक्त चालू खिडकीच्या पट्टीला लागतो. मागची पट्टी पांढरट किंवा डार्क मोडमध्ये काळपट राहते. म्हणजे आपण कुठं लिहितोय, हे एका नजरेत कळतं.

म्हणून या पट्टीची कामं दोन आहेत. कोणती खिडकी चालू आहे ते रंगानं सांगायचं, आणि त्या खिडकीत कोणती फाइल आहे ते अक्षरांनी सांगायचं. आमच्या नारिंगीनं पहिलं काम चोख केलं आणि दुसरं बिघडवलं.

रंग कुठून बदलायचा

विंडोज ११ मध्ये डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण दाबा, `Personalize` निवडा आणि मग `Colors` उघडा. तिथं `Accent color` नावाची ओळ आहे. तिच्यासमोर `Automatic` असेल, तर ते बदलून `Manual` करा. खाली ४८ रंगांचे चौकोन दिसतात. चौकोनावर माउस थोडा थांबवला, की त्या रंगाचं नाव येतं. हवा तो रंग दाबा. मग खाली जाऊन `Show accent color on title bars and windows borders` हे बटण चालू करा. हे शेवटचं बटण चालू केलं नाही, तर पट्टीला रंग येत नाही. बटणं, निवडलेल्या वस्तू अशा लहान लहान जागीच तो दिसतो.

विंडोज १० मध्येही वाट हीच आहे. फक्त खाली `Show accent color on the following surfaces` असं लिहिलेलं असतं आणि त्याखालच्या `Title bars and window borders` समोर टिक करावी लागते.

इथं दोन ठिकाणी माणसं अडकतात. एक म्हणजे स्टार्ट आणि टास्कबारला रंग देणारं बटण फिकं पडलेलं असतं आणि दाबलं जात नाही. तो बिघाड नव्हे. लाइट मोडमध्ये ती सोय मिळतच नाही. त्यासाठी डार्क मोड घ्यावा लागतो, किंवा `Custom` मध्ये जाऊन विंडोजसाठी डार्क निवडावं लागतं. टायटल बारचं बटण मात्र दोन्ही मोडमध्ये चालतं. दुसरं म्हणजे जुना कॉम्प्युटर घेतला असेल आणि त्यातलं विंडोज ॲक्टिव्हेट केलेलं नसेल, तर हे सगळं पानच बंद दिसतं आणि आधी ॲक्टिव्हेट करा अशी सूचना येते. अशा वेळी रंगाच्या मागे लागून उपयोग नाही, आधी परवान्याचं बघावं लागेल.

`Automatic` का नको, तेही सांगतो. त्यात विंडोज वॉलपेपरमधून स्वतः रंग उचलतं. वॉलपेपर बदलला, की पट्टीचा रंग बदलतो. रोज नवा फोटो येईल असं लावून ठेवलं असेल, तर आज वाचता येणारी पट्टी उद्या वाचता येणार नाही आणि आपण तर काहीच बदललेलं नसतं.

अक्षराचा रंग आपल्या हातात नाही

आपण पट्टीचा रंग निवडतो, पण पट्टीवरच्या अक्षरांचा रंग विंडोज ठरवतं. पट्टी गडद वाटली तर पांढरी अक्षरं, उजळ वाटली तर काळी. अगदी गडद निळ्यावर पांढरं आणि पिवळ्यावर काळं येतं, तिथं काहीच अडचण नाही. घोळ होतो तो मधल्या उजेडाच्या रंगांत. नारिंगी, पोपटी, आकाशी, फिका जांभळा हे असे रंग आहेत.

रंग गडद की उजळ, हे ओळखायला मायक्रोसॉफ्टनं प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एक साधं सूत्र दिलं आहे. पट्टीवर काळं अक्षर येतं की पांढरं, हे शेवटी आपल्या स्क्रीनवरच बघायचं, पण गडबड कुठं होते ते या सूत्रावरून चांगलं समजतं. कॉम्प्युटरमधला प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींच्या मिश्रणानं होतो आणि प्रत्येकाचं माप ० ते २५५ असतं. सूत्र असं:

```
5 × G + 2 × R + B > 1024
```

G म्हणजे हिरवा, R म्हणजे लाल, B म्हणजे निळा. हिरव्याला पाचपट वजन दिलंय, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यांत उजळ वाटतो आणि निळा सगळ्यांत मंद. बेरीज १०२४ च्या वर गेली तर रंग उजळ, नाहीतर गडद.

आता भाचीनं निवडलेला नारिंगी घेऊ. यादीत त्याचं नाव `Orange bright` आहे आणि त्याचा आकडा `#F7630C`. यात लाल २४७, हिरवा ९९, निळा १२. पाच गुणिले ९९ म्हणजे ४९५. दोन गुणिले २४७ म्हणजे ४९४. त्यात १२ मिळवले, की १००१. सीमेच्या जेमतेम २३ खाली! म्हणून हा रंग ‘गडद’ ठरतो आणि गडद म्हटलं की पांढरं अक्षर. पण आपल्या डोळ्याला तो रंग कुठं गडद वाटतो? वर्गातल्या फळ्याचंच उदाहरण घ्या. काळ्या फळ्यावर पांढरा खडू उठून दिसतो. तोच खडू नारिंगी भिंतीवर चालवला, तर शेवटच्या बाकावरच्या मुलाला काय दिसणार?

किती फरक पुरेसा?

अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक मोजण्याची एक पद्धत आहे. वेबच्या प्रमाणांचं काम करणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या नियमांत ती दिली आहे. दोन्ही रंग एकच असले तर माप १ येतं, पांढऱ्यावर काळं असेल तर २१. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी हे माप निदान ४.५ असावं, असा नियम आहे. मोठ्या ठळक अक्षरांना ३ चालतं. टायटल बारमधलं अक्षर लहान असतं, तेव्हा आपल्याला ४.५ च धरायला हवं.

चमकदार नारिंगीवर पांढऱ्या अक्षराचं माप येतं साधारण ३.१. म्हणजे नापास. त्याच नारिंगीवर काळं अक्षर असतं, तर माप पावणेसातच्या आसपास गेलं असतं. पण काळं अक्षर मागायची सोय तिथं नाही. तेव्हा रंगच हलवायला हवा.

भाचीला नारिंगी सोडायचा नव्हता. मग यादीतला त्याच्याजवळचा `Orange dark` घेतला, आकडा `#CA5010`. माप आलं ४.५, म्हणजे काठावर पास. चांगला मॉनिटर असेल तर चालेल. आमचा मॉनिटर जुना आहे आणि दुपारी खिडकीतून ऊन थेट त्याच्यावर येतं, तेव्हा काठावरचा रंग पुन्हा फिका पडतो. म्हणून थोडं आणखी खाली उतरलो. रंगांच्या चौकोनांखाली `Custom colors` समोर `View colors` असं बटण आहे. ते दाबलं, की रंगपेटी उघडते. तिच्यातली उजेडाची पट्टी कमी करत गेलो, की नारिंगी गडद होत जातो. `More` दाबून आकडा थेट लिहिताही येतो. आम्ही `#B84300` लिहिला. लाल १८४, हिरवा ६७, निळा ०. सूत्राची बेरीज ७०३, म्हणजे सीमेपासून बरीच खाली. पांढऱ्या अक्षराचं माप साधारण साडेपाच. भाजलेल्या विटेसारखा रंग झाला, पण नारिंगीची ओळख गेली नाही. भाचीही खूश आणि आम्हीही.

ज्यांना एवढं गणित करायचं नाही, त्यांनी यादीतलेच काही रंग लक्षात ठेवावेत. `Navy blue` (`#0063B1`) आणि `Moss` (`#486860`) या दोन्हींवर पांढऱ्या अक्षराचं माप सहाच्या वर जातं. साधा `Green` (`#107C10`) पाचच्या वर आहे. विंडोजचा नेहमीचा निळा (`#0078D4`) मात्र साडेचारच्या जेमतेम वर आहे. बऱ्याच जणांना तो आदर्श वाटतो, पण प्रत्यक्षात तोही काठावरचाच.

मराठी आणि उर्दू नावांचा प्रश्न वेगळा

इंग्रजी नाव थोडं पुसट असलं, तरी शब्दाच्या आकारावरून ओळखता येतं. आपल्या लिप्यांत मात्र सगळा अर्थ एका टिंबावर असतो. विंडोज मराठी नावं निर्मला यूआय या फॉण्टमध्ये दाखवतं. टायटल बारमध्ये अक्षर इतकं लहान असतं, की त्यातला अनुस्वार म्हणजे एक-दोन ठिपके. ‘पत’ आणि ‘पंत’, ‘अक’ आणि ‘अंक’ यांतला फरक तेवढ्या ठिपक्यांवर चालतो.

उर्दूत तर विचारूच नका. बे आणि पे यांचा सांगाडा एकच. बेला खाली एक नुक्ता, पेला तीन. जीम, चे, हे आणि खे यांचंही तसंच. ज्या घरात मुलांच्या फाइलींची नावं उर्दूत आहेत, तिथं रंग आणि अक्षर यांच्यातला फरक कमी पडला, की सगळ्यांत आधी नुक्ते गायब होतात. म्हणून इंग्रजी नाव वाचता आलं म्हणजे रंग पास झाला, असं समजू नये. आपण रोज ज्या लिपीत नावं देतो, त्या लिपीत तपासलं पाहिजे.

आमची सूचना आहे, की मराठी-उर्दू नावांसाठी ४.५ वर न थांबता साडेपाच-सहापर्यंत जावं. तसा नियम नाही, हा आमच्या वापराचा अनुभव आहे.

तपासायचं कसं?

आकडेमोडीशिवाय तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. `Settings` मध्ये `Accessibility` आणि त्यात `Color filters` उघडा. विंडोज १० मध्ये तेच `Ease of Access` या नावाखाली मिळतं. फिल्टर चालू करून `Grayscale` निवडा. सगळी स्क्रीन जुन्या टीव्हीसारखी काळी-पांढरी होते. आता रंगाचा मोह संपला, उरला फक्त उजेड. पट्टीवरचं नाव अजूनही ठसठशीत दिसत असेल तर रंग बरोबर. नाव पट्टीत विरघळल्यासारखं वाटलं, तर रंग चुकला. आम्ही भाचीच्या नारिंगीवर हे करून पाहिलं, तेव्हा मधल्या राखाडीवर फिकं पांढरं असं काहीतरी दिसलं. तिलाच पटलं, आम्हाला काही बोलावं लागलं नाही.

तपासताना सारख्या दिसणाऱ्या नावांच्या दोन फाइली उघडा, एक मराठी आणि एक उर्दू नावाची. मॉनिटरचा उजेड कमी करा, खुर्ची हातभर मागे घ्या आणि टिंबं मोजता येतात का बघा. मग दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून आळीपाळीनं दाबा. कोणती चालू आहे, हे राखाडी पडद्यावरही कळलं पाहिजे.

या शेवटच्या गोष्टीत डार्क मोडवाले फसतात. डार्क मोडमध्ये मागच्या खिडकीची पट्टी आधीच काळपट असते. आपण फार गडद रंग निवडला, तर अक्षरं छान वाचता येतात, पण चालू आणि मागची खिडकी पुन्हा सारखीच दिसू लागते. म्हणजे गुण चुकीच्या फाइलमध्ये जायची वाट मोकळीच राहिली. डार्क मोडमध्ये रंग अगदी काळ्याकडे नेऊ नये, साडेचार ते साडेपाचच्या मापात ठेवावा. लाइट मोडमध्ये हवा तेवढा गडद चालतो, कारण मागची पट्टी पांढरट असते.

रंग सगळीकडे का लागत नाही?

हा प्रश्न आम्हाला शिक्षक-खोलीत नेहमी विचारला जातो. सगळे प्रोग्राम विंडोजची पट्टी वापरत नाहीत. ब्राउझर, एमएस ऑफिस असे काही प्रोग्राम स्वतःची पट्टी स्वतः रंगवतात आणि त्यांचा रंग त्यांच्याच सेटिंगमध्ये बदलावा लागतो. म्हणून एका प्रोग्राममध्ये रंग दिसला नाही, तर लगेच सेटिंग बिघडली असं समजू नये. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि R एकत्र दाबून `charmap` लिहा आणि एंटर करा. जी छोटी खिडकी उघडेल, तिला विंडोजचीच पट्टी असते. तिथं रंग दिसला, की आपलं काम झालेलं आहे.

विंडोज ११ मध्ये पट्टीचा रंग बंद ठेवूनही काही खिडक्यांच्या वरच्या भागात हलकी छटा दिसते. ती ॲक्सेंट कलरची नसते. मागच्या वॉलपेपरची झाक तिथं उतरलेली असते. ती नको असेल, तर त्याच `Colors` पानावरचं `Transparency effects` बंद करा. पट्टी एकसारखी होते.

बटणं आणि लिंक यांची फार काळजी करू नका. आपण एक रंग निवडला, की विंडोज त्याच्याच तीन उजळ आणि तीन गडद छटा तयार करतं आणि जागेप्रमाणे त्यांतली वापरतं. टायटल बारला मात्र आपण दिलेला रंगच लागतो. म्हणूनच तपासणी तिथं करायची.

घरात कुणाची नजर कमी असेल तर

मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असलेले अब्बू असोत किंवा जाड भिंगाचा चष्मा लावणारी खाला, त्यांच्यासाठी कितीही चांगला ॲक्सेंट कलर पुरा पडत नाही. त्यांना आधी अक्षर मोठं करून द्या. विंडोज ११ मध्ये `Accessibility` मध्ये `Text size` आहे. तिथली पट्टी सरकवली, की अक्षरं मोठी होतात. एवढ्यानं भागलं नाही, तर त्याच पानावर `Contrast themes` आहे. डावं Alt, डावं Shift आणि Print Screen एकत्र दाबून तो चालू किंवा बंद करता येतो. तो चालू असताना आपण निवडलेला ॲक्सेंट कलर बाजूला पडतो आणि पूर्ण स्क्रीन ठळक रंगांत येते. पोरांना ती भडक वाटते. पण ज्यांच्यासाठी लावली, त्यांना बँकेचं पासबुक किंवा नातवाचा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतो. एकच कॉम्प्युटर सगळे वापरत असतील, तर त्यांचं वेगळं यूजर अकाउंट करून द्या. हे रंग प्रत्येक अकाउंटपुरतेच असतात, त्यामुळे पोरांचे रंग पोरांकडे आणि मोठ्यांचे मोठ्यांकडे राहतात.

आमच्या घरी आता विटकरी पट्टी आहे. वार्षिक परीक्षेचे गुण याच कॉम्प्युटरवर भरायचे आहेत, पुन्हा दोन तुकड्या, पुन्हा दोन फाइली. यावेळी नावंसुद्धा बदलली आहेत. तुकडीचं अक्षर शेवटी न ठेवता सुरुवातीला घेतलं, ‘अ नववी वार्षिक’ आणि ‘ब नववी वार्षिक’. खिडकी लहान झाली, की नावाचा शेवट आधी कापला जातो आणि कापलेलं अक्षर कोणत्याच रंगात वाचता येत नाही.